गोकुळअष्टमी दोन दिवस का येते, आणि त्यात रोहिणीचं काम काय

प्रश्न: आम्ही पारोळ्याचे. २०२५ साली घरी १५ ऑगस्टच्या रात्री पाळणा हलवला. बायकोचं माहेर सावद्याचं, ते स्वामिनारायण संप्रदायाचे, त्यांनी १६ ला कृष्णजन्म केला. आजी म्हणते, रोहिणी नसेल तर कृष्णजन्म कसला? आणि पंचांगात तर दोन्ही रात्री रोहिणी नव्हती. मग नेमकं चुकलं कोण?

उत्तर:

चुकलं कोणीच नाही. आजींचं म्हणणंही मोडीत काढण्यासारखं नाही, पण ते सगळ्याच वर्षांना लागू पडत नाही. त्याचं कारण आकाशातच आहे, ते पुढे सांगतो. आधी १५ आणि १६ चा हिशेब मांडू, कारण भांडण तिथूनच सुरू होतं.

त्या वर्षी श्रावण वद्य अष्टमी १५ ऑगस्टला रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी लागली आणि १६ ला रात्री ९ वाजून ३४ मिनिटांनी संपली. म्हणजे १५ च्या सकाळी उठलात तेव्हा सप्तमी होती, दिवसभर सप्तमीच होती, आणि झोपायच्या वेळेला अष्टमी आली. कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात जी तिथी छापतात ती सूर्योदयाची असते. त्यामुळे १५ च्या चौकोनात सप्तमी आणि त्याच चौकोनात खाली ‘श्रीकृष्ण जयंती’ असं दिसतं, नि लोकांना वाटतं छापखान्याची चूक. २०२२ साली असंच झालं होतं. १८ ऑगस्टला रात्री ९ वाजून २० मिनिटांनी अष्टमी लागत होती आणि संध्याकाळपासून माझा फोन थांबत नव्हता. एका आजोबांनी तर सरळ विचारलं, “बाबा, आठम आज शे का सकाय? सुंठवडा कुटू का नको?” मी म्हटलं, कुटा, पाळण्याच्या वेळेला अष्टमी आलेली असेल.

आपल्याकडे घरोघरी जो निर्णय पाळतात तो स्मार्त निर्णय. त्याचा आधार साधा आहे : कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा, म्हणून ज्या रात्रीच्या मध्याला अष्टमी असेल तो दिवस. शास्त्रात या वेळेला निशीथ म्हणतात. रामनवमीला माध्यान्ह बघतात, गणेश चतुर्थीलाही माध्यान्ह बघतात, तसा इथे निशीथ. सूर्योदयाला कोणती तिथी होती याच्याशी या व्रताचा फारसा संबंध नाही.

आता ही मध्यरात्र म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, इथे पुष्कळ जण फसतात. धुळ्याचं १५ ऑगस्टचं गणित करून बघा. सूर्यास्त साधारण ७ वाजता, दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी. रात्र झाली ११ तास १० मिनिटांची. तिचा निम्मा भाग ५ तास ३५ मिनिटं, तो सूर्यास्तात मिळवला की रात्रीचा मध्य येतो १२ वाजून ३५ मिनिटांवर. रात्रीचे पंधरा मुहूर्त करतात, त्यातला आठवा मुहूर्त हा निशीथ. एक मुहूर्त सुमारे ४५ मिनिटांचा, म्हणजे आपल्याकडे निशीथकाळ १२ वाजून १३ मिनिटांपासून १ ला तीन-चार मिनिटं कमी असतील तोवर. पारोळा, जळगाव पूर्वेला असल्यामुळे तिथे एक ते तीन मिनिटं आधी, नंदुरबारला एकदोन मिनिटं नंतर. अष्टमी ११:४९ ला लागली होती, म्हणजे निशीथ सुरू व्हायच्या २४ मिनिटं आधी. १५ ची रात्र पास झाली. १६ च्या रात्री अष्टमी ९:३४ लाच संपली, मध्यरात्री नवमी होती. ती रात्र बाद. म्हणून तुमच्या घरी १५ ला पाळणा हलला तो बरोबर.

टीव्हीवर दिल्ली-मथुरेची वेळ सांगतात ती ऐकून आपल्याकडे बाराच्या ठोक्याला गुलाल उडवतात. उडवू द्या, श्रद्धेचा भाग आहे. पण खानदेशात खरी मध्यरात्र त्यानंतर अर्ध्या तासाने येते, हे माहीत असलेलं बरं.

सावद्याकडची मंडळी वैष्णव निर्णय पाळतात. संप्रदायाचे संस्थापक सहजानंद स्वामींनी आपल्या शिक्षापत्री या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की व्रतं आणि उत्सव विठ्ठलनाथजींच्या निर्णयाप्रमाणे करावेत. विठ्ठलनाथजी म्हणजे वल्लभाचार्यांचे पुत्र, पुष्टिमार्गाचे. त्यामुळे नंदुरबार-शहाद्याकडची गुजराती हवेलीला, म्हणजे पुष्टिमार्गी मंदिरात, जाणारी घरं आणि रावेर-यावल पट्ट्यातली स्वामिनारायण घरं बहुतेक वेळा एकाच दिवशी अष्टमी करतात. इस्कॉनवाल्यांचा ग्रंथ वेगळा, पण या बाबतीत सूर तोच : सप्तमीचा वेध नको. सूर्योदयाला सप्तमी असेल तर त्या दिवसाला सप्तमीचं बोट लागलं, तो दिवस व्रताला चालत नाही. सूर्योदयाला अष्टमी पाहिजे. ती मग दुपारी संपो की संध्याकाळी, पुढे नवमी मिसळली तरी त्यांना अडचण नाही. १६ च्या सूर्योदयाला अष्टमी होती, म्हणून १६. त्या रात्री जन्माच्या वेळेला पंचांगात नवमी होती आणि ते त्यांना माहीत होतं.

म्हणजे दोघांचं भांडण तिथीवर नाहीच. तिथी दोघांची एकच, वेळा दोघांच्या एकच. एक मध्यरात्रीच्या खिडकीतून बघतो, दुसरा सूर्योदयाच्या.

यातून एक सोपी खूण निघते, ती लक्षात ठेवली तर कोणाला फोन करायची गरज नाही. अष्टमी कधी *लागते* तेवढं बघा. मध्यरात्र उलटून गेल्यावर पण सूर्योदयाआधी लागली, तर सहसा सगळ्यांची अष्टमी एकाच दिवशी. सूर्योदयानंतर आणि मध्यरात्रीआधी कधीही लागली, तर बहुधा दोन दिवस. २०२४ ला २६ ऑगस्टच्या पहाटे ३ वाजून ३९ मिनिटांनी लागली : एक दिवस. २०२०, २०२२, २०२३, २०२५ या चारही वर्षी दिवसा किंवा रात्री मध्यरात्रीआधी लागली : दोन दिवस. सूर्योदय ते मध्यरात्र हा अठरा तासांचा पल्ला आहे आणि मध्यरात्र ते सूर्योदय जेमतेम सहा. म्हणजे दोन दिवस येणं हा अपवाद नाही, तोच नेहमीचा प्रकार आहे. लोकांना दर वर्षी नवल वाटतं ते कशाचं, हे मला अजून कळलेलं नाही.

‘सहसा’ आणि ‘बहुधा’ हे शब्द मी मुद्दाम घातले. तिथी काही वेळा चोवीस तासांपेक्षा लांब असते. २०२१ साली अष्टमी २९ ऑगस्टला रात्री ११:२५ ला लागली आणि ३० ची मध्यरात्र ओलांडून ३१ च्या पहाटे १:५९ ला संपली. २९ ची मध्यरात्रही अष्टमीत, ३० चीही अष्टमीत. माझ्या खुणेप्रमाणे दोन दिवस यायला हवे होते, आले नाहीत. सगळ्यांनी ३० लाच केली. का? कारण इथे रोहिणी कामाला आली.

आता आजींकडे वळतो.

भागवताच्या दशम स्कंधात जन्माच्या वेळेचं वर्णन आहे, तिथे रोहिणी हे नाव थेट येत नाही. ‘अजनजन्मर्क्ष’ असा शब्द येतो. अजनापासून, म्हणजे नारायणापासून, ज्याचा जन्म झाला तो प्रजापती ब्रह्मदेव, आणि त्याचं नक्षत्र ते रोहिणी. अशी ओळख रोहिणीला जन्माशी बांधते. म्हणून श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री रोहिणी मिळाली तर त्या योगाला ‘जयंती’ असं वेगळं नाव आहे, आणि नुसती अष्टमी असेल तर ती जन्माष्टमी. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत, ही दोन व्रतं की एकच. आपल्याकडे जो ग्रंथ जास्त चालतो तो पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० सालचा धर्मसिंधु. त्याचा व्यवहारातला अर्थ मी असा लावतो : व्रताचा पाया अष्टमी आणि निशीथ. रोहिणी मिळाली तर व्रताला वजन येतं, नाही मिळाली तर व्रत मोडत नाही. पण दोन दिवसांमध्ये निवड करायची वेळ आली की रोहिणी पंचासारखी बसते. २०२१ ला तेच झालं. दोन्ही मध्यरात्रींना अष्टमी होती, पण रोहिणी ३० च्या सकाळी ६:३९ ला लागली, म्हणजे फक्त ३० च्या मध्यरात्री होती. पारडं ३० कडे झुकलं. वैष्णवांना ३० च्या सूर्योदयाला अष्टमी मिळालीच होती. म्हणून एकमत.

पण २०२५ ला रोहिणी होती कुठे? ती १७ ऑगस्टच्या पहाटे ४:३८ ला लागली, म्हणजे अष्टमी संपून सात तास झाल्यावर. १५ च्या मध्यरात्री भरणी चालू होती, १६ च्या मध्यरात्री कृत्तिका. १६ ला ढग नसते तर चंद्र उगवताना कृत्तिकांच्या झुबक्याला जवळजवळ चिकटलेला दिसला असता, आणि रोहिणीची तांबूस चांदणी त्याच्या खाली पुढच्या घरात. आमच्याकडे श्रावणात असं आकाश मिळणं म्हणजे नशीबच.

ही चुकामूक योगायोगाने होत नाही. इथे जरा सावकाश वाचा, कारण एकदा समजलं की आयुष्यभर पुरतं. रोहिणी हा आकाशातला ठरलेला तुकडा आहे, वृषभ राशीचे १० अंश ते २३ अंश २० कला. चंद्र तिथून जातो तेव्हा रोहिणी नक्षत्र. उलट अष्टमीला आकाशात ठरलेली जागा नाही, ती फक्त सूर्य आणि चंद्रातलं अंतर आहे. वद्य अष्टमीला चंद्र सूर्यापासून वर्तुळाचा पाव भाग मागे असतो, ८४ ते ९६ अंश. म्हणूनच तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. आता चंद्र रोहिणीत आणि त्याच वेळी सूर्याच्या पाव वर्तुळ मागे, असं व्हायला सूर्य कुठे हवा? रोहिणीच्या नव्वद अंश पुढे, म्हणजे सिंह राशीत. बारकाईने काढलं तर सिंहेच्या ४ अंशांपासून २९ अंशांपर्यंत. सूर्य सिंहेत १७ ऑगस्टच्या सुमारास शिरतो आणि रोज साधारण एक अंश चालतो, म्हणजे ४ अंशांवर तो २१ ऑगस्टला पोचतो.

झालं! अष्टमी २१ ऑगस्टच्या आधी आली तर रोहिणी तिला शिवूच शकत नाही. पंचांग कोणाचंही असो, गुरुजी कितीही विद्वान असोत.

गेल्या काही वर्षांवर हे लावून बघा. २०२० ची अष्टमी ११-१२ ऑगस्टला : रोहिणी नाही. २०२२ ला १८-१९ ऑगस्ट : नाही. २०२५ ला १५-१६ : नाही. २०२१ ला ३० ऑगस्ट, २०२३ ला ६ सप्टेंबर, २०२४ ला २६ ऑगस्ट : तिन्ही वेळा रोहिणी आहे. चांद्र वर्ष लहान असल्याने अष्टमी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि अधिक महिना येऊन गेला की एकदम एकोणीस-वीस दिवस पुढे उडी मारते. या सरकण्यात तिचा पल्ला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जातो. त्यातला पहिला भाग २१ ऑगस्टच्या अलीकडचा. म्हणजे ढोबळमानाने दहातली चार वर्षं रोहिणीविना जाणारच. आजींनी ‘रोहिणी नाही तर जन्म नाही’ असं धरलं, तर त्या चार वर्षी घरात पाळणाच बांधायला नको. त्यांना एवढंच सांगा की रोहिणी नव्हती म्हणून ती जयंती झाली नाही, जन्माष्टमी मात्र झाली.

रोहिणी मिळूनही दोन दिवस कसे येतात, यासाठी २०२३ बघण्यासारखं आहे. ६ सप्टेंबरला बुधवार होता. अष्टमी दुपारी ३:३७ ला लागली, रोहिणी सकाळी ९:२० लाच आली होती, रोहिणी ७ च्या सकाळपर्यंत आणि अष्टमी ७ च्या दुपारपर्यंत टिकली. मध्यरात्री अष्टमी, मध्यरात्री रोहिणी, वर कृष्णजन्माचा मानला जाणारा बुधवार. स्मार्तांना याहून चांगला योग मागूनही मिळत नाही. तरी वैष्णवांनी तो दिवस सोडला आणि ७ ला केला, कारण ६ च्या सूर्योदयाला सप्तमी होती. ७ च्या सकाळी अष्टमीही होती आणि १०:२५ पर्यंत रोहिणीही, त्यांचं समाधान तेवढ्याने झालं. त्या वर्षी एका यजमानांच्या घरी मी ‘रोहिणी आहे म्हणजे सगळे ६ लाच करतील’ असं बेधडक सांगून बसलो होतो. त्यांची सून वैष्णव घरची निघाली. तिने नम्रपणे विचारलं, “काका, सप्तमीच्या वेधाचं काय?” तेव्हापासून मी कोणत्याही घरी आधी परंपरा विचारतो आणि मग पंचांग उघडतो.

रोहिणीला खरोखर पहिला मान देणारी मंडळी दक्षिणेत आहेत. उडुपी आणि केरळात सौर महिना मानतात, सूर्य सिंहेत असतानाची वद्य अष्टमी आणि रोहिणी अशी त्यांची सांगड. २०२५ ला १६ ऑगस्टला सूर्य अजून कर्केतच होता, म्हणून त्यांनी ती अष्टमी धरलीच नाही. त्यांची अष्टमी-रोहिणी १४ सप्टेंबरला झाली, आपल्याकडे तेव्हा पितृपक्ष चालू होता. भुसावळला रेल्वेतले मल्याळी शेजारी असतील तर विचारून बघा, ते महिनाभराने कृष्णजन्म करतात याचं आपल्याला कोडं पडतं, त्याचं उत्तर हे. आणि वरचा ४ अंशांचा हिशेब आठवा : सिंहेतला सूर्य धरला की रोहिणी भेटायची शक्यता आपोआप वाढते. त्यांनी महिनाच रोहिणीच्या सोयीचा निवडलाय असं मला गमतीने वाटतं.

तुमच्या घरचा व्यावहारिक प्रश्न राहतो तो पारण्याचा आणि काल्याचा. तुम्ही १५ ला उपास केला असेल तर गोपाळकाला १६ ला, महाराष्ट्रात दहीहंडी त्याच दिवशी होती. कडक नियम असा की तिथी संपल्यावर पारणं सोडावं, म्हणजे १६ ला रात्री साडेनवानंतर. पण सकाळी उत्सव आटोपून काल्याचा प्रसाद घेऊन सोडायलाही मुभा आहे, आणि मधुमेहाच्या माणसाला मी तोच मार्ग सांगतो. त्या वर्षी रोहिणी संपायची वाट बघायचा प्रश्न नव्हता. व्रतात ती नव्हतीच. वहिनी माहेरच्या रीतीने १६ ला उपास धरणार असतील तर धरू दे. लग्नानंतर सासरची रीत हे खरं, पण ज्यांनी संप्रदायाची दीक्षा घेतलेली असते त्यांनी आपल्या गुरूचा निर्णय सोडू नये, असंच आमचे वडीलही सांगायचे.

आजींसाठी २०२६ ची अष्टमी बाजूला काढून ठेवा. ती ४ सप्टेंबरला पहाटे २:२५ ला लागते, रात्री १२:१३ ला संपते. रोहिणी ४ लाच, रात्री ११ च्या सुमारापर्यंत. पहाटे लागली म्हणून सगळ्यांची एकाच दिवशी, आणि २१ ऑगस्टच्या पुढे आली म्हणून रोहिणीही आहे. फक्त धुळ्याचा निशीथ त्या दिवशी १२:०७ ला सुरू होतो, अष्टमी त्याला पाच-सहा मिनिटंच शिवते, आणि रोहिणी त्याच्या तासभर आधी गेलेली असते. आदल्या रात्री मध्यरात्री अष्टमी लागलेलीच नव्हती, तेव्हा एरवीही दिवस ४ च आला असता : दोन्ही मध्यरात्री हुकल्या तर दुसरा दिवस घ्यायचा. आजींना रोहिणीत पाळण्याची दोरी ओढायचीच असेल, तर अकराच्या आत एकदा ओढून घेऊ द्या, आणि जन्माची आरती साडेबाराला करा.